इंटर्नशिपमध्ये नुसती झेरॉक्स, एन्ट्री आणि बँकेच्या फेऱ्या. सरांकडे काम मागायचं तर नेमकं काय मागू?

अबोली_पेडणे

नमस्कार मंडळी. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. म्हापशात एका कर सल्लागारांच्या ऑफिसात इंटर्नशिप करतेय. कॉलेजला १२० तासांचा दाखला आणि शेवटी एक अहवाल द्यायचा आहे. निम्म्याच्या आसपास तास भरले आहेत.

सकाळी गेल्यावर फायलींच्या झेरॉक्स काढायच्या, मग टॅलीत खरेदीची बिलं चढवायची. मधेच कोणी हाक मारतं, बँकेत चेक भरून ये, कुरियर देऊन ये, स्टॅम्प पेपर आण. दुपारनंतर पुन्हा बिलं. बिलं चढवायला माझी ना नाही, हात बसला आहे आता. पण मी चढवते त्या बिलांचं पुढे काय होतं ते मला कोणी दाखवलेलं नाही. रिटर्न सिनियर मॅडम भरतात, त्यांच्या टेबलाजवळ उभं राहायलाही संकोच वाटतो.

अडचण अशी की ही जागा बाबांच्या ओळखीने मिळाली. सर स्वभावाने चांगले आहेत. मी काही बोलले तर "पोरीला काम जड जातंय" असा निरोप घरी जाईल अशी भीती वाटते. अहवालात काय लिहू, झेरॉक्स काढली म्हणून? कोणी अशा ऑफिसात काम केलं असेल तर सांगा, सरांना काय आणि कसं विचारू?

राजू_डिचोली

सरळ जाऊन सांग, "सर, मला रिटर्न भरायला द्या." मी पण कॉलेजात असताना असाच अडकलो होतो. तोंड उघडलं तेव्हा काम मिळालं. गप्प बसणाऱ्याला सगळे बँकेतच पाठवतात. आणि कॉलेजच्या मेंटर सरांनाही लगेच कळवून टाक, म्हणजे दबाव राहील.

फायनलवाला_मडगाव

आर्टिकलशिपचे नियम बदललेत, लक्षात घे. जुलै २०२३ पासून ती दोनच वर्षांची आहे. त्यातला वेळ झेरॉक्समध्ये घालवणं परवडणार नाही. पहिल्या वर्षातच ट्रान्सफरचं बघ, नंतर ते कठीण होतं. ऑडिटचं काम असलेलं ऑफिस शोध, पणजीत पाटोच्या बाजूला बरीच आहेत.

अबोली_पेडणे

@फायनलवाला, मी आर्टिकल नाही हो. सीएला नाव घातलेलं नाही. कॉलेजची इंटर्नशिप आहे, थोड्या आठवड्यांची. ट्रान्सफरचा प्रश्नच येत नाही.

@राजू, रिटर्न भरायला मागायचं धाडस होत नाही. आणि खरं सांगायचं तर मला ते येतही नाही.

जुना_हिशेबनीस

अबोली, मी बरीच वर्षं अशाच ऑफिसात काढली, आता स्वतःचं छोटं ऑफिस आहे. कॉलेजची मुलं माझ्याकडेही येतात. तेव्हा टेबलाच्या पलीकडून सांगतो.

राजूचं अर्धं बरोबर आहे. मागितल्याशिवाय मिळत नाही, हे खरं. पण रिटर्न मागू नकोस. पोर्टलचं लॉगिन ग्राहकाचं असतं, ओटीपी त्याच्या मोबाइलवर जातो, आणि भरलेल्या थ्री-बीत, म्हणजे टॅक्स भरायच्या महिन्याच्या रिटर्नमध्ये, चूक निघाली तर व्याज त्याला आणि बोलणी सरांना. थोड्या आठवड्यांच्या मुलीच्या हातात ते कोणी देणार नाही, मीही देत नाही. नकार मिळाला की पुन्हा विचारायचं बळ राहत नाही, म्हणून पहिली मागणीच नीट निवडायची.

"मला काहीतरी चांगलं काम द्या" असंही म्हणू नकोस. असं कोणी म्हटलं की मला थांबून विचार करावा लागतो, हिला काय येतं, काय देऊ, कोण शिकवेल, आणि कोण तपासेल. त्या दिवशी तेवढा वेळ नसतो. मी म्हणतो "बघू", आणि ते बघणं राहून जातं. माझ्या मनात वाईट काही नसतं.

तुला मिळू शकेल असं काम तुझ्या हातातल्या कामाला लागूनच आहे. तू बिलं चढवतेस, म्हणजे खरेदीच्या वहीची एक बाजू तुझ्याकडे आहे. दुसरी बाजू पोर्टलवर असते. पुरवठादारांनी आपापल्या रिटर्नमध्ये दाखवलेली बिलं एकत्र होऊन ग्राहकाच्या नावावर जो तक्ता तयार होतो, तो टू-बी. या दोन बाजू जुळवणं हे जीएसटीच्या कामातलं सगळ्यात वेळखाऊ आणि सगळ्यात टाळलं जाणारं काम आहे. बहुतेक लहान ऑफिसांत थ्री-बी टू-बीच्या आकड्यावर भरून मोकळे होतात आणि वही जुळवायची राहते ती वर्षअखेरीपर्यंत.

तेव्हा माग ते हे: एका ग्राहकाचा, एका महिन्याचा, टू-बी आणि टॅलीचा मेळ. आणि महिना चालू नको, बंद झालेला माग, ज्याचं रिटर्न भरून झालं आहे. तुझ्या चुकीने कोणाचं नुकसान होण्याचा प्रश्नच राहत नाही, आणि सरांना "हो" म्हणायला सोपं जातं. लॉगिनही मागू नकोस. मॅडमकडून टू-बीची एक्सेल फाइल घे, तेवढं पुरतं.

अबोली_पेडणे

काका, हे मला सुचलंच नसतं. टू-बी हा शब्द रोज कानावर येतो, पण ती कुठून येते ते आज कळलं. पण मला ते जुळवता येईल का? आणि सरांना कधी विचारू? ते कायम घाईतच असतात.

जुना_हिशेबनीस

कधी विचारायचं ते कॅलेंडर बघून ठरव. दर महिन्याच्या ११ तारखेला विक्रीचं रिटर्न, १४ ला टू-बी तयार होते, २० ला थ्री-बी. म्हणजे १० ते २० या दिवसांत आमच्या ऑफिसात कोणी मान वर करत नाही. २१ नंतर दोनतीन दिवस जाऊ दे. आणि म्हापशात आहेस, तर शुक्रवार टाळ. बाजाराला आलेली मंडळी बिलांच्या पिशव्या घेऊन ऑफिसात येतात, सरांना पाणी प्यायला फुरसत नसते.

सगळ्यांसमोर नको. सकाळी सर येऊन बसले की आत जा, "सर, इल्लो वेळ मेळटलो?" असं विचार. मग साधारण असं बोल:

"सर, मी जी खरेदीची बिलं चढवते त्यांचा टू-बीशी मेळ कसा घालतात ते शिकायचं आहे. एखाद्या ग्राहकाचा रिटर्न भरून झालेला महिना मला द्याल का? रोजची एन्ट्री आणि बाहेरची कामं आटोपून दुपारी शेवटचा एक तास करीन. पुढच्या आठवड्यात कागद तुमच्यासमोर ठेवीन, तुम्ही फक्त चुका दाखवा."

यात झेरॉक्सबद्दल तक्रार नाही, म्हणून घरी निरोप जाण्याचं कारण नाही. काय हवं, किती वेळ, रोजच्या कामाचं काय, कधी दाखवणार आणि सरांचा किती वेळ जाणार, हे सगळं तू आधीच सांगितलंस. त्यांना फक्त ग्राहक निवडायचा राहतो.

शॅक_ते_रिसॉर्ट

माझा पण हाच प्रॉब्लेम. हॉटेल मॅनेजमेंट करतोय, कळंगुटला एका हॉटेलात ट्रेनिंग. आल्यापासून हाउसकीपिंगलाच ठेवलंय, चादरी मोजतोय. किचन मागितलं तर "सीझन संपू दे" म्हणतात. मी पण एक्सेल मागू का?

फोंड्याची_बाई

शॅक_ते_रिसॉर्ट, तुमचं वेगळं आहे. हॉटेल मॅनेजमेंटच्या ट्रेनिंगमध्ये फ्रंट ऑफिस, सर्व्हिस, किचन आणि हाउसकीपिंग असे चारही विभाग फिरवायचे ठरलेले असते, आणि कॉलेजच्या पत्रात सहसा ते लिहिलेले असते. तुम्ही नवीन काही मागत नाही आहात, ठरलेले मागत आहात. पत्राची प्रत घेऊन एचआरला भेटा, किचनची तारीख लेखी मागा. नाही मिळाली तर प्लेसमेंट बघणाऱ्या सरांना सांगा. वेगळा धागा काढा, तिथे हॉटेलवाले भेटतील.

अबोली, मी कॉमर्स शिकवते, इंटर्नशिपचे अहवाल तपासते. राजू म्हणतात तसे आधी मेंटरकडे जाऊ नकोस. मेंटरचा फोन गेला की ऑफिसला ती तक्रार वाटते, आणि पुढच्या वर्षी त्या ऑफिसात आमच्या मुलांना जागा मिळत नाही. आधी स्वतः विचार. विचारून आठवडा-दहा दिवस काहीच झाले नाही, तर मग मेंटरला सांग, तेही "मला अमुक काम मिळेल का ते तुम्ही बोलाल का" अशा शब्दांत.

रोजनिशी आजपासून ठेव. "डेटा एन्ट्री केली" ही ओळ रोज लिहिलेली पाने मी वाचते तेव्हा मला मुलाबद्दल काहीच कळत नाही. कसली बिले, कशी वेगवेगळी, कुठे अडलीस, कोणाला विचारलेस, ते लिही. ग्राहकाचे नाव मात्र कुठेही लिहायचे नाही.

अबोली_पेडणे

विचारलं! मंगळवारी सकाळी गेले. सर अर्धा मिनिट माझ्याकडे बघत राहिले, मग मॅडमना हाक मारून म्हणाले, हिला त्या हार्डवेअरवाल्याचा फेब्रुवारी दे. एवढंच. वर म्हणाले, "बँकेची कामं सुटणार नाहीत हां." मी म्हटलं, नकोच सुटायला.

फेब्रुवारीचा टॅक्स असा दिसतोय. टॅलीत एकूण इनपुट, म्हणजे खरेदीवरचा टॅक्स, ८६,४०० रुपये, टू-बीत ८१,०००. फरक ५,४०० चा. आता ५,४०० चं बिल शोधायचं ना? शोधलं, तसं एकही बिल नाही.

राजू_डिचोली

टू-बीत कमी आहे म्हणजे कोणीतरी सप्लायरने बिल दाखवलेलं नाही. ते क्रेडिट गेलं, म्हणजे तेवढा टॅक्स विक्रीच्या टॅक्समधून वजा करता येणार नाही. ग्राहकाला सांगा, त्या सप्लायरचं पेमेंट अडवा.

जुना_हिशेबनीस

राजू, थांब जरा. टू-बीत नसलं की त्या महिन्यात घेता येत नाही, इतकं बरोबर. गेलं असं नाही. पुरवठादाराने उशिरा दाखवलं तर पुढच्या टू-बीत येतं, आणि आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत घेता येतं. पेमेंट अडवण्याची घाई केली तर चांगला पुरवठादार दुखावतो.

अबोली, ५,४०० चं एक बिल शोधू नकोस. फरक हा बेरीज-वजाबाकी होऊन उरलेला असतो. टॅलीत जास्त असलेली बिलं आणि टू-बीत जास्त असलेली बिलं एकमेकांना खाऊन टाकतात. आधी एकूण आकडा बाजूला ठेव आणि परराज्यातल्या खरेदीवरचा आयजीएसटी वेगळा, गोव्यातल्या खरेदीवरचा सीजीएसटी-एसजीएसटी वेगळा काढ. मग पुढे जा.

बिलं जुळवताना बिल नंबरावर विसंबू नकोस. दुकानदार छापतो "०४५", आपण चढवतो "४५", पुरवठादार पोर्टलवर घालतो "एचडब्ल्यू/४५/२४-२५". तीनही एकच बिल. त्यापेक्षा जीएसटी नंबर आणि करपूर्व रक्कम या जोडीवर जुळव. रक्कम आधी पूर्ण रुपयात आण, नाहीतर पैशांच्या फरकाने जुळणारी बिलंही सुटतात. दोन्ही तक्ते एका फाइलमध्ये दोन शीटवर ठेव, जीएसटी नंबर A रकान्यात, रक्कम E मध्ये, आणि टॅलीच्या शीटवर मोकळ्या रकान्यात हे घाल:

```
=COUNTIFS('2B'!A:A,A2,'2B'!E:E,E2)
```

शून्य आलं तर ते बिल टू-बीत नाही. हेच सूत्र दुसऱ्या बाजूने लाव, म्हणजे टू-बीत आहे पण वहीत नाही ते सापडेल. आणि टॅलीच्या शीटला स्वतःवरच लाव. दोन आले तर एकच बिल दोनदा चढलं असण्याची शक्यता. फक्त शक्यता, कारण एकाच दुकानातून तेवढ्याच रकमेची दोन खरी बिलंही येतात. तिथे कागद काढून बघायचा.

अबोली_पेडणे

काका, तुमच्या सांगण्याप्रमाणे वेगळं काढलं आणि माझे डोळे उघडले. टॅलीत आयजीएसटी २१,६००, टू-बीत २८,८००. म्हणजे टॅलीत कमी! आणि स्थानिक टॅक्स टॅलीत ६४,८००, टू-बीत ५२,२००. म्हणजे एकीकडे ७,२०० कमी आणि दुसरीकडे १२,६०० जास्त. एकूण बघत बसले असते तर हे दिसलंच नसतं.

सूत्र लावून टॅलीत चार बिलं संशयास्पद निघाली, टू-बीत दोन जास्त निघाली. त्यातलं एक बिल विचित्र आहे. ४०,००० चा माल, टॅलीत आहे, टू-बीत नाही. आणि टू-बीत बरोबर ४०,००० चं एक बिल आहे, ते टॅलीत नाही. कंपनीचं नाव तेच!

जुना_हिशेबनीस

जीएसटी नंबर दोन्हीकडचे शेजारी ठेवून वाच. पहिले दोन आकडे काय आहेत?

अबोली_पेडणे

टॅलीत ३० ने सुरू होतो, टू-बीत २९ ने. पुढची दहा अक्षरं सारखीच आहेत.

जुना_हिशेबनीस

सापडलं तर. ३० म्हणजे गोवा, २९ म्हणजे कर्नाटक. पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या कंपनीचा पॅन, म्हणून सारखी. या कंपनीचा गोव्यातही डेपो असणार आणि बेळगावातही. टॅलीत पार्टीचं खातं गोव्याच्या नंबराने उघडलेलं आहे, आणि या वेळी माल बेळगावहून आला. गोव्याचं खातं निवडलं की एन्ट्रीत सीजीएसटी आणि एसजीएसटी प्रत्येकी ३,६०० पडतो. प्रत्यक्ष बिलावर आयजीएसटी ७,२०० असणार. कागद काढून खात्री कर.

आपल्याकडे हे फार होतं. कोल्हापूर आणि बेळगावहून माल घेणारे अर्धे दुकानदार असतील, आणि मोठ्या कंपन्यांचे डेपो दोन्हीकडे. बिल कुठून निघालं ते वरच्या पत्त्यावर बघायचं, कंपनीच्या नावावर नाही. उपाय म्हणजे कर्नाटकच्या नंबराचं दुसरं खातं उघडणं. आहे त्या खात्यातला नंबर बदललास तर जुन्या गोव्याच्या बिलांचा घोळ होईल.

अबोली_पेडणे

कागद बघितला, बेळगावचाच आहे, आयजीएसटी ७,२००. बाकीची सगळी मॅडमबरोबर बसून लावली. असं निघालं:

एका स्थानिक पुरवठादाराचं २५,००० चं बिल, टॅक्स ४,५००, टॅलीत आहे, टू-बीत नाही. मॅडमनी मार्चची टू-बी उघडून दाखवली, तिथे आलंय. तो तीन महिन्यांनी रिटर्न भरणारा आहे म्हणे.

दुसरं, २०,००० चं बिल दोनदा चढलेलं, टॅक्स ३,६००. एकदा फोटोकॉपीवरून आणि एकदा मूळ बिलावरून. मी यायच्या आधीचं आहे.

तिसरं, टू-बीत १५,००० चं बिल, टॅक्स २,७००, आमच्याकडे कागदच नाही. पुरवठादार ओळखीचा आहे, नेहमीचा.

४,५०० आणि ३,६०० मिळवले, २,७०० वजा केले, बरोबर ५,४००. बेळगावच्या बिलाने एकूण फरक पडतच नाही, फक्त रकाना बदलतो. कागद पूर्ण झाला तेव्हा मॅडम म्हणाल्या, "हे मी मार्चअखेर करणार होते."

म्हापशाचा_दुकानदार

मी स्वतः रंगाचं दुकान चालवतो, म्हणून हा धागा वाचतोय. एक गोष्ट बोलायची आहे. आमची बिलं, कोणाकडून किती घेतो, काय भावाने घेतो, हे सगळं कॉलेजच्या मुली बघतात हे आम्हाला कोणी सांगत नाही. म्हापसा लहान गाव आहे. माझ्या भावाचा अंदाज शेजारच्या दुकानाला लागला तर? अबोलीबद्दल म्हणत नाही, ती नाव घेत नाही हे चांगलं. पण ती आकडे इथे लिहितेय.

अबोली_पेडणे

काका, तुमचं म्हणणं पटतं. ग्राहक कोण ते कुठेही लिहिलेलं नाही, रकमा मी इथे लिहिताना बदलूनच लिहिल्या आहेत, फक्त हिशेब जुळेल अशा. फाइल ऑफिसच्या कॉम्प्युटरवरच आहे, पेनड्राइव्हवर किंवा माझ्या मोबाइलवर घेतलेली नाही.

फोंड्याची_बाई

दुकानदारांचा मुद्दा रास्त आहे. ऑफिसने ग्राहकाला सांगावे की नाही, यावर माझे मत पक्के नाही. पण इंटर्नने गुप्ततेचा कागद सही करून द्यावा असे मला वाटते, आणि बहुतेक लहान ऑफिसांत तो नसतो. अबोली, तू स्वतःहून सरांना विचार. त्यानेही तुझ्यावरचा विश्वास वाढेल. आणि अहवालात रकमांऐवजी फरकाचा प्रकार आणि तो कसा ओळखलास तेवढे लिही.

राजू_डिचोली

मानलं. मी म्हटलं होतं ते पेमेंट अडवायचं केलं असतं तर त्या तीन महिन्यांवाल्याशी उगाच भांडण झालं असतं.

पण एक विचारतो. डबल चढलेल्या बिलाने काय बिघडलं? थ्री-बी टू-बीच्या आकड्यावर भरलाय, म्हणजे जास्त क्रेडिट घेतलेलंच नाही.

जुना_हिशेबनीस

राजू, प्रश्न चांगला विचारलास. सरकारचं काही बिघडलं नाही, दुकानदाराचं बिघडू शकतं. दोनदा चढलेल्या बिलाने त्या पुरवठादाराच्या खात्यात २३,६०० रुपये देणं जास्त दिसतं. दुकानदार टॅलीतली बाकी बघून चेक लिहितो. एकच माल, दोनदा पैसे. पुरवठादार प्रामाणिक असला तर परत करेल, पण तोपर्यंत तुमचे पैसे त्याच्याकडे. शिवाय खरेदी २०,००० ने फुगल्यामुळे नफा तेवढा कमी दिसतो. अबोलीने सरांना हेच आधी सांगावं, टॅक्सचं नंतर. ग्राहकाला टॅक्सच्या फरकापेक्षा हे लवकर कळतं.

आणि अबोली, ते २,७०० चं बिल सगळ्यात महत्त्वाचं. टू-बीच्या आकड्यावर थ्री-बी भरला असेल तर त्याचं क्रेडिट घेतलं गेलं आहे, आणि कागद हातात नाही. बिल हाती असणं आणि माल मिळालेला असणं, या दोन्ही अटी आहेत. टू-बीत दिसतं म्हणून हक्क होत नाही. बिल दुकानातच कुठे पडलं असेल तर मागवून घ्यायचं. माल आलाच नसेल, पुरवठादाराने चुकून यांच्या नंबरावर टाकलं असेल, तर ते क्रेडिट परत करायचं आणि त्याला दुरुस्ती करायला सांगायचं. यातलं काय ते सर ठरवतील. तू फक्त विचार, "हे बिल मागवू का?"

अबोली_पेडणे

सरांना कागद दाखवला. २३,६०० वर त्यांचं बोट थांबलं. लगेच ग्राहकाला फोन लावला, त्याने त्या पुरवठादाराला नुकताच एक चेक दिला होता, पण कोणत्या बिलाचा ते बघायचं आहे. हरवलेल्या बिलासाठी मलाच दुकानात जायला सांगितलं. या वेळी काय आणायला जातेय ते मला ठाऊक होतं. गल्ल्याखालच्या खणात सापडलं ते बिल, ट्रान्सपोर्टच्या पावतीला टाचलेलं. माल आलेला होता.

गुप्ततेच्या कागदाचं विचारलं. सर म्हणाले कल्पना चांगली आहे, करू. अजून झालेलं नाही.

झेरॉक्स आणि बँक चालूच आहे, आज पण दोन फेऱ्या झाल्या. दुपारचा तास कधी मिळतो, कधी नाही. माझ्याबरोबर दुसरी एक मुलगी आली आहे, तिला अजून नुसती झेरॉक्सच. तिने पण मागितलं तर दोघींना देतील का, ते माहीत नाही. आणि सर म्हणाले आहेत की या महिन्याची टू-बी आली की चालू महिन्याचं तू कर, मॅडम तपासतील. त्याची मात्र धास्ती वाटतेय, कारण आता चुकलं तर रिटर्नमध्येच जाईल. आधीच काही तयारी करून ठेवू का?

फायनलवाला_मडगाव

मी आर्टिकल समजून लिहिलं होतं, पण एक सांगतो, माझ्या पहिल्या वर्षात मला एवढं कोणी दाखवलं नव्हतं. दुसऱ्या मुलीला तोच महिना देऊ नका, वेगळा ग्राहक मागा. एकच काम दोघींनी केलं की दुसरी पहिलीचं बघून उतरवते.

म्हापशाचा_दुकानदार

तिला एकच सांगतो, बिल मागायला दुकानात येशील तेव्हा शुक्रवारी नको, आणि तारीख आणि रक्कम चिठ्ठीवर लिहून आण. "फेब्रुवारीचं एक बिल" म्हटलं तर आम्ही काय शोधणार?

जुना_हिशेबनीस

तयारी १४ च्या आधीच होते. ती अशी. १० तारखेपर्यंत त्या महिन्याची सगळी बिलं चढून झाली पाहिजेत, म्हणजे ग्राहकाकडून पिशवी ५ च्या सुमारास यायला हवी. आज त्याला कळवा. ११ ते १३ च्या दरम्यान टॅलीच्या शीटला सूत्र स्वतःवर लावून दुबार वाटणारी बिलं शोधून ठेव, आणि प्रत्येक जीएसटी नंबराचे पहिले दोन आकडे बघून घे, ३० नसेल तिथे आयजीएसटी पडलाय का. या दोन गोष्टींना टू-बीची गरजच नाही. तीन महिन्यांनी रिटर्न भरणाऱ्या पुरवठादारांची यादी मॅडमकडून घेऊन ठेव, म्हणजे त्यांची बिलं दिसली नाहीत तर घाबरायला होणार नाही. १४ ला फाइल आली की जुळव, १५-१६ ला कागद मॅडमकडे. २० पर्यंत चार दिवस राहतात, तेवढ्यात हरवलेली बिलं मागवता येतात.

चालू महिन्यात एकच नियम पाळ. शंका असलेलं बिल स्वतः काढू किंवा घालू नकोस, वेगळ्या रंगात ठेवून बाजूला कारण लिही. निर्णय मॅडमचा. आणि तू बदललेली प्रत्येक एन्ट्री, जुनी काय होती आणि नवी काय, हे एका शीटवर तारखेसकट लिहून ठेव. ती शीट अहवालालाही लागेल.